शब्द तेच, चुका तेवढ्या काढ

काकांनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक फुलस्केप, निळ्या शाईत, त्यांच्या तिरक्या, लपेटदार इंग्रजी अक्षरात लिहिलेला. दुसरा माझ्या चुलतभावाने संगणकावर टाइप करून छापलेला. दोन्ही कागदांवर एकच अर्ज होता, हुबळीच्या बँकेतलं बचत खातं बंद करण्याचा. निदान एकच असायला हवा होता.

"हा माझा," फुलस्केपवर बोट ठेवून काका म्हणाले, "आणि हा त्याने सुधारलेला. मला माझाच हवाय. तू प्रुफं वाचतेस ना? मग स्पेलिंग बघ, व्याकरण बघ. शब्द तेच राहू देत, चुका तेवढ्या काढ."

मी पुण्यात मराठी आणि इंग्रजी, दोन्ही प्रुफं वाचते. त्या आठवड्यात चार दिवसांसाठी कराडला गेले होते. पानभराच्या अर्जाला अर्धा तास पुरेल असं वाटलं. प्रत्यक्षात शनिवारची संध्याकाळ गेली आणि रविवारची सकाळही.

अर्ज इंग्रजीत असण्याचं कारण साधं होतं. काकांची बत्तीस वर्षांची नोकरी हुबळीला रेल्वेच्या कचेरीत झाली, आधी दक्षिण-मध्य आणि पुढे दक्षिण-पश्चिम रेल्वेत. खातं तिथलंच. शाखेत कन्नड आणि इंग्रजी चालतं, मराठी वाचणारा माणूस असेलच असं नाही. खातं काका-काकू दोघांच्या नावावर होतं. पैसे काढायला दोघांपैकी एकाची सही चालायची, पण खातं बंद करायला दोघांच्याही सह्या लागतील असं शाखेने फोनवर सांगितलं होतं. काकूंचे गुडघे दुखतात, त्यांना एवढा प्रवास झेपत नाही. म्हणून काका एकटेच मिरजेवरून गाडीने जाणार होते आणि काकूंची सही कराडलाच घेऊन ठेवायची होती.

अडचण नेमकी इथेच होती. सही झालेल्या अर्जात खाडाखोड केली की त्या जागी खातेदारांची पुन्हा सही मागतात. हुबळीच्या काउंटरवर एखादी चूक निघाली तर काका स्वतःची सही करतील, पण काकूंची कुठून आणणार? त्या तर अडीचशे किलोमीटरवर, कराडच्या स्वयंपाकघरात. म्हणजे कागद घरून निघतानाच निर्दोष हवा होता.

आधी मी दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीने ताडून पाहिले. चुलतभावाने मनापासून मेहनत घेतली होती. त्याचं इंग्रजी चांगलं आहे, नोकरीत तो दिवसभर इंग्रजीच लिहितो. त्याने काकांची लांब वाक्यं तोडली होती, ‘रिस्पेक्टेड सर’ काढून ‘डिअर सर’ केलं होतं, ‘काइंडली डू द नीडफुल’ साफ उडवलं होतं. वाचायला कागद गुळगुळीत झाला होता. पण एका जागी मी थबकले.

काकांनी लिहिलं होतं, ‘आय अ‍ॅम नॉट ऑपरेटिंग द सेड अकाउंट सिन्स लास्ट फोर्टीन मन्थ्स.’ म्हणजे गेले चौदा महिने मी हे खातं वापरत नाही. चुलतभावाने त्याचं केलं होतं, ‘द अकाउंट हॅज बीन डॉर्मंट फॉर फोर्टीन मन्थ्स.’ इंग्रजी म्हणून बिनचूक, शिवाय सुटसुटीत. पण ‘डॉर्मंट’ हा बँकेत साधा शब्द राहत नाही. खातेदाराने स्वतः दोन वर्षांहून जास्त काळ एकही व्यवहार केला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बचत खातं ‘इनऑपरेटिव्ह’ ठरतं, आणि बोलीत त्यालाच ‘डॉर्मंट’ म्हणतात. बँक स्वतःहून व्याज जमा करते, तो खातेदाराचा व्यवहार धरत नाहीत. असं खातं आधी पुन्हा चालू करावं लागतं, त्यासाठी ओळखीचे आणि पत्त्याचे कागद नव्याने द्यावे लागतात, आणि मगच पुढचं काही करता येतं.

काकांचं खातं तसं नव्हतं. चौदा महिन्यांपूर्वी त्यांनी एटीएममधून पैसे काढले होते आणि पासबुकात ती नोंद होती. खातं चालू होतं, फक्त वापरात नव्हतं. आपल्याच सहीने ‘आमचं खातं डॉर्मंट आहे’ असं लिहून दिलं असतं, तर टेबलामागच्या माणसाने पहिल्यांदा तेच विचारलं असतं. कदाचित संगणकावर पाहून त्याने सोडूनही दिलं असतं. पण खातेदाराने स्वतःच्या खात्याबद्दल चुकीची गोष्ट लेखी का द्यावी?

मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत जरा सावरून बसले. "मला ते असं फोड करून सांगता आलं नसतं," ते म्हणाले, "पण वाचताना खटकलं होतं. मी तसं म्हटलेलंच नाही, एवढं कळत होतं."

टाइप केलेला कागद मी बाजूला ठेवला. तपासणी फुलस्केपचीच करायची ठरली. माझी पद्धतही त्यांना आधीच सांगून टाकली. जे निर्विवाद चूक आहे ते मी दुरुस्त करीन. चूक नाही पण मी वेगळं लिहिलं असतं, अशा जागी हात लावणार नाही. आणि जिथे भाषा बरोबर आहे पण मजकुराबद्दल शंका आहे, तिथे समासात पेन्सिलने प्रश्नचिन्ह करून त्यांना विचारीन. उत्तर त्यांचं, लिहायचंही त्यांनीच. छापखान्यात लेखकाच्या मजकुराशी आम्ही असंच वागतो.

स्पेलिंगसाठी मी अर्ज शेवटून सुरुवातीकडे वाचते. शेवटचा शब्द, मग त्याच्या आधीचा, असं करत वर. सरळ वाचताना डोळा अर्थाच्या मागे धावतो आणि शब्द अर्धवट पाहूनच पुढे जातो. उलटं वाचलं की प्रत्येक शब्द एकटा समोर येतो. ओळीखाली पट्टी धरायची, म्हणजे खालची ओळ मध्ये येत नाही.

तसं वाचतानाच ‘क्लोजर’ सापडला. काकांनी तो सी-एल-ओ-एस-ई-आर असा लिहिला होता, म्हणजे ‘अधिक जवळ’. हवा होता सी-एल-ओ-एस-यू-आर-ई. आपण दोन्ही बोलताना जवळपास एकच उच्चार करतो, त्यामुळे ही चूक बँकेच्या अर्जांत फार दिसते. गंमत म्हणजे चुलतभावाच्या टाइप केलेल्या कागदावरही ती तशीच राहिली होती. कारण क्लोजर हा ‘जवळ’च्या अर्थाने इंग्रजीत खरा शब्द आहे, आणि संगणकाची लाल रेघ फक्त कोशात नसलेल्या शब्दाखाली येते. शब्द खरा पण जागा चुकलेली असेल, तर ती पुष्कळदा गप्प बसते. ‘फ्रॉम’च्या जागी ‘फॉर्म’ पडतो तोही असाच सुटतो.

टाइप केलेल्या कागदावर आणखी एक चूक होती, तीही संगणकाने दाखवली नव्हती. विषयाची ओळ सगळी मोठ्या लिपीत होती आणि त्यातल्या ‘अ‍ॅप्लिकेशन’मधला शेवटचा आय गळला होता. लिहिण्याच्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये सगळी अक्षरं मोठी असलेला शब्द तपासायचाच नाही, अशी सोय मुळातच चालू असते. म्हणून कागदावर जी ओळ सगळ्यांत आधी नजरेत भरते, तिच्यातलीच चूक टिकून राहते. उलट बरोबर लिहिलेल्या चेकखाली त्याच संगणकाने लाल रेघ ओढली होती, कारण त्यात भाषा अमेरिकन इंग्रजी निवडलेली होती. अमेरिकेत चेक सी-एच-ई-सी-के असा लिहितात. आपल्याकडे बँकेच्या चेकला सी-एच-ई-क्यू-यू-ई हेच बरोबर. सेटिंगमध्ये भारतीय किंवा ब्रिटिश इंग्रजी निवडलं की ती रेघ जाते. काकांनी हाताने लिहिताना चेक बरोबरच लिहिला होता.

बाकी बारीकसारीक. ‘सेव्हिंग अकाउंट’ला एस हवा होता. बोलताना आपण सगळेच सेव्हिंग म्हणतो, पण पासबुकाच्या कव्हरवर ‘सेव्हिंग्ज’ छापलेलं होतं आणि प्रमाण रूप तेच आहे. चेकच्या पानांसाठी त्यांनी ‘लीफ्स’ लिहिलं होतं, त्याचं ‘लीव्हज’ केलं. शेवटी ‘युवर्स फेथफुली’ होतं, पण युवर्समध्ये आर आणि एसच्या मध्ये वर स्वल्पविराम टाकलेला होता. तो काढला आणि फेथफुलीचा पहिला एफ लहान केला.

आता ते चौदा महिन्यांचं वाक्य.

त्यात दोन चुका होत्या. ‘सिन्स’ हा एखाद्या क्षणापासून मोजताना येतो, सिन्स मार्च, सिन्स ट्वेंटी-ट्वेंटी. अवधी सांगायचा असेल तर ‘फॉर’. आणि मागे सुरू झालेलं, आजपर्यंत चालत आलेलं काही सांगताना इंग्रजीला ‘आय अ‍ॅम’ चालत नाही, तिथे ‘आय हॅव बीन’ लागतं. या चुका आपल्याकडे का होतात तेही स्पष्ट आहे. मराठीत आपण ‘गेल्या चौदा महिन्यांपासून वापरत नाही’ म्हणतो. ‘पासून’ अवधीलाही लागतं आणि क्रियापद वर्तमानकाळातच राहतं. काकांनी मनातलं मराठी वाक्य नीट इंग्रजीत उतरवलं होतं, फक्त इंग्रजीचा नियम वेगळा आहे.

सोपा रस्ता म्हणजे सगळं वाक्य नव्याने लिहिणं. पण ते ठरलेलं नव्हतं. म्हणून कमीत कमी काय बदललं तर वाक्य बरोबर होईल, ते मी शोधत गेले. पहिल्यांदा फक्त ‘सिन्स’चं ‘फॉर द’ केलं. वाक्य अजून लंगडत होतं. मग ‘आय अ‍ॅम नॉट’चं ‘आय हॅव नॉट बीन’. आता झालं, ‘आय हॅव नॉट बीन ऑपरेटिंग द सेड अकाउंट फॉर द लास्ट फोर्टीन मन्थ्स.’ ‘ऑपरेटिंग’ राहिला, ‘द सेड अकाउंट’ राहिलं, ‘लास्ट’ आणि ‘फोर्टीन मन्थ्स’ही राहिले. बदलले ते फक्त वाक्याचे सांधे.

काकांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. "हे माझंच आहे," ते म्हणाले. मला तेवढंच ऐकायचं होतं. दुरुस्ती शब्दांपर्यंत गेली की नाही, हे ओळखायला माझ्याकडे याहून चांगली कसोटी नाही. लिहिणाऱ्याला वाचून दाखवायचं. तो न अडखळता वाचून गेला तर दुरुस्ती योग्य मापाची आहे. कुठे थांबून ‘हं, असंही म्हणता येईल’ म्हणाला, तर आपण त्याचा शब्द काढून आपला घातलाय.

‘डू द नीडफुल’वर मात्र आमची बरीच चर्चा झाली, आणि ती काकांनीच काढली. मुलाने ते वाक्य गाळलं, याचा त्यांना राग नव्हता, वाईट वाटलं होतं. "हे चुकीचं इंग्रजी आहे का?" त्यांनी मला सरळ विचारलं.

मी सांगितलं, चुकीचं नाही. व्याकरणात बसतं, अर्थ स्पष्ट आहे. ही लकब मुळात इंग्रजांच्याच पत्रव्यवहारातली. त्यांच्याकडे ती मागे पडली आणि आपल्या कचेऱ्यांत टिकली. आज इंग्लंडमधल्या माणसाला ती जुनाट वाटेल, पण हा अर्ज हुबळीला जाणार होता. तिथल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर रोज असे अर्ज येतात. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ही तसंच, ‘एन्क्लोज्ड हिअरविथ’ही तसंच, आणि ‘द बॅलन्स मे प्लीज बी ट्रान्सफर्ड’ हेही. काका बत्तीस वर्षं याच भाषेत टिपणं लिहीत आले. ती त्यांना कोणी शिकवली नव्हती, जुन्या फायली वाचून ती त्यांनी उचलली होती. त्या भाषेचे स्वतःचे नियम आहेत, तिच्यातही बरोबर आणि चूक असतं. ‘लीफ्स’ तिच्यातही चूकच आहे. ‘नीडफुल’ नाही. मी त्या ओळीला हात लावला नाही आणि समासात प्रश्नचिन्हही केलं नाही.

रविवारी सकाळी नावं आणि आकडे घेतले. या कामाला दोन माणसं लागतात. काकू पासबुक घेऊन बसल्या आणि एकेक आकडा म्हणू लागल्या, मी अर्जावर त्या आकड्याखाली टिंब देत गेले. खाते क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्यही म्हणायचे, ‘पुढचे शून्य सोडून’ असं करायचं नाही.

नावापाशीच अडकलो. दत्तात्रय हे नाव इंग्रजीत कोणी शेवटी ए लावून लिहितं, कोणी न लावता. काकांच्या आधारकार्डावर ए आहे, म्हणून अर्जातही त्यांनी ए लिहिला होता. पासबुकात ए नव्हता. खातं उघडताना तेव्हाच्या कारकुनाने जसं लिहिलं तसंच बँकेच्या दप्तरात राहिलं होतं. ही स्पेलिंगची चूक म्हणायची का? कोणतंही रूप चूक नाही. पण बंद व्हायचं खातं बँकेत ज्या नावाने आहे, तेच नाव अर्जात हवं. काकांनी शेवटचा ए स्वतः काढला. आधारवर नाव थोडं वेगळं दिसणार होतं, म्हणून त्यांनी पॅनकार्डही पिशवीत घातलं, त्यावर ए नव्हता. माणसाच्या नावाला तपासनिसाने कोशातल्या शब्दासारखं कधीच वागवू नये. ते फक्त मूळ कागदाशी जुळवायचं.

पैसे काकांच्या कराडच्या खात्यात जायचे होते, त्या शाखेचा आयएफएससी कोड अर्जात होता. तो अकरा चिन्हांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, शेवटची सहा चिन्हं शाखेची आणि मधलं पाचवं नेहमी शून्य. काकांच्या हस्ताक्षरात ते पाचवं चिन्ह चक्क ओ दिसत होतं, गोल आणि रुंद. टाइप करतानाही चुलतभावाने तिथे ओच दाबला होता. पाचवी जागा शून्याचीच हे माहीत असलं की संशयाला जागा राहत नाही. तरी मी कराडच्या चेकबुकावर छापलेला कोड समोर धरून एकेक चिन्ह जुळवलं.

न वापरलेली चेकची पानं परत करायची होती. काकांनी लिहिलं होतं ‘सिक्स अन्यूज्ड चेक लीव्हज’ आणि पुढे क्रमांक, शेवटी ३४४ पासून शेवटी ३५० पर्यंत. मी वजाबाकी केली, सहा आले, पुढे निघाले. काकू म्हणाल्या, "थांब, मोजून बघते." त्यांनी चेकबुक उघडून अंगठ्याने एकेक पान सुटं केलं. सात भरली. ३४४ आणि ३५० दोन्ही धरायचे असतात, त्यामुळे वजाबाकीत एक मिळवावा लागतो. काकांकडून ते राहिलं आणि माझ्याकडूनही राहिलंच असतं. अर्जात सहा आणि हातात सात पानं दिसली असती, तर काउंटरवर पहिला प्रश्न तोच आला असता, आणि त्या जागेच्या खाडाखोडीवर काकूंची सही लागली असती.

आता माझी पेन्सिलची प्रश्नचिन्हं. दोनच होती.

पहिलं रकमेपाशी. काकांनी शिल्लक १८,६४२ रुपये लिहिली होती, पासबुकातल्या शेवटच्या नोंदीप्रमाणे. इंग्रजी निर्दोष, आकडाही बरोबर. पण बचत खात्यावर व्याज रोजच्या शिलकेवर मोजतात आणि साधारण तिमाहीला जमा करतात. खातं बंद करताना त्या दिवसापर्यंतचं व्याज धरून हिशेब होतो. म्हणजे बंद होण्याच्या दिवशी रक्कम हीच असणार नाही. मी एवढंच विचारलं, "काका, रक्कम लिहायचीच आहे का?" त्यांनी क्षणभर विचार करून आकडा खोडला आणि ‘द एन्टायर बॅलन्स विथ इंटरेस्ट अपटू डेट’ असं लिहिलं. ‘अपटू’ त्यांनी जोडून लिहिला होता, तो मी ‘अप टू’ असा तोडला. माझा हात तेवढ्यापुरताच.

दुसरं प्रश्नचिन्ह पहिल्याच शब्दापाशी होतं. अर्ज सुरू होत होता ‘आय, द अंडरसाइन्ड’ असा, आणि खाली सह्या दोघांच्या. व्याकरणाच्या दृष्टीने ‘आय’ चूक नाही, एकट्याने लिहिलेलं पत्र बरोबरच असतं. पण खातं दोघांचं, बंद करण्याची विनंतीही दोघांची. मी काकांना विचारलं तेव्हा काकू दाराशीच उभ्या होत्या. "अहो, माझंही नाव आहे ना त्या खात्यावर?" त्या म्हणाल्या. त्या आवाजात तक्रार नव्हती. खातं उघडलं त्या दिवशी दोघं बँकेत गेले होते, परत येताना हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातून स्टोव्ह घेऊन आले होते, हे त्यांना अजून आठवत होतं. काकांनी काही न बोलता ‘आय’ खोडून ‘वी’ केलं.

एक शब्द बदलला की त्याला बांधलेले सगळे बदलावे लागतात, आणि हे काम पुन्हा माझं. ‘माय अकाउंट’चं ‘अवर’, ‘आय हॅव नॉट बीन’चं ‘वी हॅव’, ‘आय अ‍ॅम एन्क्लोजिंग’चं ‘वी आर’. मी प्रत्येक ‘आय’ आणि ‘माय’भोवती गोल करत सबंध कागद चाळला. नऊ सापडले. आठ सरळ बदलले. नववा वेगळा निघाला. पैसे ‘माय अकाउंट’मध्ये पाठवावेत असं तिथे होतं, आणि कराडचं ते खातं एकट्या काकांचं होतं. तिथे ‘अवर’ केलं तर खोटं, ‘माय’ ठेवलं तर दोन सह्यांच्या पत्रात ‘माझं’ म्हणजे कोणाचं? मी पुन्हा काकांकडे गेले. ‘द अकाउंट ऑफ द फर्स्ट होल्डर’ असं त्यांनी सुचवलं. बँकेत संयुक्त खात्याच्या पहिल्या नावाला हेच म्हणतात, आणि तो शब्द त्यांना माझ्यापेक्षा आधी सुचला.

दुपारी मी सगळं नव्याने टाइप केलं, फुलस्केपवरून, चुलतभावाच्या फाइलवरून नाही. छापून आणलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं, कारण दुरुस्ती करतानाच नव्या चुका शिरतात. एक शिरलीच होती. ‘द’ दोनदा पडला होता, एक ओळीच्या शेवटी आणि एक पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. अशी जोडी डोळा सहज गिळून टाकतो. ती काढून पुन्हा छापलं. दोन प्रती केल्या, एक बँकेसाठी आणि एक पोच घ्यायला. सह्या सगळ्यांत शेवटी. काकूंनी आधी कोऱ्या कागदावर दोनदा सही करून पाहिली, जुन्या पासबुकावरच्या सहीशी ताडली, आणि मग अर्जावर केली.

काका बुधवारी गेले. दुपारी त्यांचा फोन आला. अधिकारी मॅडमनी अर्ज उभ्याउभ्याच वाचला, बँकेचा छापील फॉर्म त्याला जोडायला दिला, काकूंची सही दप्तरातल्या नमुन्याशी जुळवली. चेकची सात पानं मोजून घेतली आणि त्यांच्यासमोर फाडली, डेबिट कार्ड कात्रीने कापलं. दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख आणि सही दिली. अर्जात काही बदलायला सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी कराडच्या खात्यात पैसे जमा झाले, १८,७१९ रुपये. काकूंनी मोबाइलवरचा मेसेज मला वाचून दाखवला आणि वरच्या सत्त्याहत्तर रुपयांचा हिशेब विचारला. मी व्याज म्हणून सांगितलं. काकांनी शिक्क्याची प्रत फायलीत लावली. तिच्याखाली त्यांनी फुलस्केपही लावला आहे, माझ्या पेन्सिलच्या खुणांसकट.